आजीची विडी आणि नातवाची ऑर्डर

माझ्या बहिणीच्या सासूबाई सोलापूरला असतात. चाळीस वर्षं त्यांनी घराच्या ओट्यावर बसून विड्या वळल्या. कारखान्याच्या ब्रँचमधून पान, तंबाखू आणि सूत मोजून आणायचं, रात्री पानं भिजवून कापून ठेवायची, दिवसभर मांडीवर सूप घेऊन वळायचं आणि दुसऱ्या दिवशी विड्या मोजून द्यायच्या. पैसे हजारामागे ठरलेल्या दराने मिळायचे. त्यांच्यावर देखरेख करायला घरी कुणी येत नसे. किती वाजता बसायचं, किती वाजता उठायचं, मध्येच भाकऱ्या थापायच्या की नाही, हे सगळं त्यांच्या हातात होतं. तरीही कायद्याच्या लेखी त्या कामगार होत्या. त्यांच्या नावाचं पुस्तक होतं, भविष्यनिर्वाह निधी होता आणि आज दरमहा हजाराच्या आसपास का होईना, पेन्शन येते.

त्यांचा नातू, म्हणजे माझा भाचा, पुण्यात एका अ‍ॅपवरून जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. त्यालाही कामागे पैसे मिळतात आणि लॉगिन किती वाजता करायचं हेही बहुतेक वेळा तोच ठरवतो. पण कंपनीच्या करारात तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे आणि अ‍ॅपच्या पडद्यावर ‘पार्टनर’. त्याच्याकडे ना पुस्तक आहे, ना फंड, ना पेन्शन. आजी कामगार होती तर नातू कामगार का नाही, हा प्रश्न माझ्या घरातला आहे. म्हणून तो मी मनापासून धसास लावायचा प्रयत्न केला. त्यातून माझं मत असं झालं की आपल्या न्यायालयांनी आणि आपल्याच राज्याने या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या शतकापूर्वी बरंचसं देऊन ठेवलं आहे. आता ते बाजूला सारलं जातंय.

आधी काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघू. गेल्या पावसाळ्याआधी मी एक अख्खा दिवस भाच्याबरोबर काढला, काही वेळ त्याच्या गाडीच्या मागे आणि काही वेळ कर्वे रोडवरच्या एका हॉटेलाच्या दारात, जिथे अशी दहा-बारा मुलं फुटपाथवर बसलेली असतात. दुपारी एक ऑर्डर पडली. जागा बावधन, अंतर पावणेसहा किलोमीटर, मिळणार अडतीस रुपये. स्वीकारायला काही सेकंदांची मुदत होती. हॉटेलात जेवण तयार नव्हतं, म्हणून सतरा मिनिटं उभं राहावं लागलं. मग अ‍ॅपने दाखवलेल्या रस्त्याने चांदणी चौक ओलांडून बावधन. इमारतीत डिलिव्हरीवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट होती, ती वर अडकलेली. ऑर्डर दिली, अ‍ॅपवर ‘पूर्ण’ केलं आणि पुन्हा रिकामं कर्वे रोडला आलो, कारण बावधनात दुपारी ऑर्डर पडत नाहीत. एकूण पन्नास मिनिटं गेली. अडतीस रुपयांत थांबण्याचे काही नाहीत आणि परतीचेही नाहीत.

त्या दिवशी तो सकाळी अकराला लॉगिन झाला आणि रात्री अकराला बाहेर पडला. एकवीस ऑर्डरी आणि सातशे बेचाळीस रुपये झाले. पेट्रोलला साधारण सव्वादोनशे गेले. चोवीस ऑर्डरी झाल्या असत्या तर वर एकशेऐंशीचा इन्सेंटिव्ह मिळाला असता. पण शेवटच्या पाऊण तासात त्याला एकही ऑर्डर पडली नाही, शेजारी बसलेल्या मुलाला दोन पडल्या. का, हे विचारायला समोर माणूस नव्हता. हा एका दिवसाचा हिशेब आहे. शनिवार-रविवार आणि पावसाचे दिवस याहून बरे जातात, हेही त्यानेच सांगितलं.

आता यात कंत्राटदारासारखं काय आहे ते शोधून बघा. आपण घर रंगवायला देतो तेव्हा रंगारी येऊन भिंती बघतो, आकडा सांगतो, आपण घासाघीस करतो. परवडलं नाही तर तो उठून जातो आणि पुढच्या महिन्यात आपणच त्याला फोन करतो. स्वतः यायचं की दोन माणसं पाठवायची, शिडी कुठून आणायची, आधी हॉल की आधी स्वयंपाकघर, हे तो ठरवतो. काम चांगलं झालं तर आपण त्याचं नाव शेजाऱ्यांना सांगतो. गिऱ्हाईक त्याचं असतं. नफाही त्याचा आणि तोटाही त्याचा.

भाच्याने अडतीसचे चाळीस कर असं कुणाला म्हणायचं? दर अ‍ॅप ठरवतं आणि रेट कार्ड बदललं की ते त्याला सकाळी पडद्यावर कळतं. बावधनच्या गिऱ्हाइकाचा नंबर त्याला मिळत नाही, पुढच्या वेळी थेट त्यालाच बोलावण्याची सोय नाही. चांगलं काम केल्याने त्याचं नाव होत नाही, फक्त रेटिंग टिकतं, आणि ते रेटिंग अ‍ॅप सोडलं की संपतं. ऑर्डरी वारंवार नाकारल्या तर पुढच्या ऑर्डरी कमी पडतात, असं तिथल्या प्रत्येक मुलाचं म्हणणं होतं. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पंक्चर त्याचं, हे खरं. म्हणजे धंद्याचा खर्च त्याच्याकडे आहे, धंदा मात्र नाही.

एक बारीक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. दिवसातून काही वेळा अ‍ॅप सेल्फी मागतं, टी-शर्ट आणि बॅगेसकट. आयडी ज्याच्या नावावर आहे तोच माणूस गाडीवर आहे ना, याची ती खात्री. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण मार्चमध्ये भाच्याला ताप होता तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने त्याच्या जागी जायचं म्हटलं, तर ते शक्य नव्हतं. गेला असता तर आयडी कायमचा ब्लॉक. कंत्राट हे कामाचं असतं, नोकरी माणसाची असते. जिथे माझ्या जागी दुसऱ्याला पाठवायची मुभा नाही, तिथे माझ्या कामाचं कंत्राट घेतलेलं नसून मलाच कामाला लावलेलं असतं.

ही बाब किती निर्णायक ठरू शकते ते ब्रिटनमध्ये दिसलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांना ‘वर्कर’ ठरवलं. हा त्यांच्याकडचा पूर्ण नोकरीच्या खालचा, पण किमान वेतन आणि पगारी रजा देणारा दर्जा. चालक अ‍ॅप सुरू करून, ठरलेल्या भागात, भाडं घ्यायला तयार असेल तेवढा सगळा वेळ कामाचा, असंही त्या न्यायालयाने मान्य केलं. पण त्याच न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपच्या रायडरांचा दावा फेटाळला. त्यांच्या संघटनेला सामूहिक वाटाघाटींचा हक्क हवा होता. निकाल विरोधात जाण्याचं मुख्य कारण हे की त्या रायडरांना आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची खरीखुरी मोकळीक होती आणि कंपनी त्यावर पहारा ठेवत नव्हती. माझ्या मताच्या विरोधात जाणारा हा निकाल मी मुद्दाम सांगतोय. कारण ज्या आधारावर तिथले रायडर हरले तो आधार पुण्याच्या फुटपाथवर नाहीच. इथे पहारा दिवसातून काही वेळा कॅमेऱ्यातून होतो.

कंपन्यांच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा वेळेच्या स्वातंत्र्याचा असतो. केव्हा यायचं, केव्हा जायचं, यायचं की नाही, हे ज्याचं तो ठरवतो, तो नोकर कसा? हा मुद्दा मी हलका मानत नाही. भाचा आधी एका गोदामात होता, तिथे सुपरवायझरच्या तोंडाला तो कंटाळला होता. “मामा, इथे निदान कुणी उगाच ओरडत तरी नाही,” असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे. कॉलेज करून संध्याकाळी चार तास गाडी चालवणाऱ्या मुलाला ही मोकळीक खरोखरच हवी असते. प्रश्न इतकाच आहे की वेळेची मोकळीक असली म्हणजे माणूस कामगार राहत नाही, असं आपला कायदा म्हणतो का?

तो तसं म्हणत नाही. 1956 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे सौराष्ट्रातल्या मिठागरांचा खटला होता. मीठ पिकवणाऱ्या लोकांना तिथे अगरिया म्हणतात. पावसाळा संपला की ऑक्टोबरात ते यायचे आणि जूनपर्यंत राहून पुन्हा शेतीला गावी जायचे. प्रत्येकाला जमिनीचा एक ‘पट्टा’ मिळायचा आणि सुरुवातीच्या खर्चाला चारशे रुपये. मिठाचे पैसे मणामागे साडेपाच आणे. हजेरीपट नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते, रजेचे नियम नव्हते. अगरिया बायकापोरांना घेऊन काम करायचे आणि हवं तर स्वतःच्या खिशातून मजूरही लावायचे. कंपनी म्हणाली, हे कंत्राटदार आहेत. आजच्या अ‍ॅप कंपन्यांनी लिहून द्यावा तसाच हा युक्तिवाद होता.

न्यायालयाने अगरियांना कामगार ठरवलं. कसोटी ही लावली की काय करायचं एवढंच नव्हे, तर ते कसं करायचं हे सांगण्याचा आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार मालकाकडे आहे का. मीठ पिकण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची माणसं देखरेख करत होती, कमी प्रतीचं मीठ नाकारत होती. पैसे मणामागे मिळतात आणि हाताखाली मजूर आहेत, एवढ्याने माणूस स्वतंत्र होत नाही, कारण अगरिया स्वतः अंगमेहनत करत होते. मजूर लावायचा अधिकार असूनही ते कामगार ठरले, आणि भाच्याला तर भाऊसुद्धा पाठवता येत नाही.

यानंतरचे दोन खटले आपल्या राज्यातले आहेत आणि ते शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. पहिला नागपूरच्या विडी कारखान्याचा, निकाल डिसेंबर 1960 चा. कामगार कारखान्यात येऊन विड्या वळत, नगावर पैसे घेत. पूर्ण वेळ थांबण्याचं बंधन नव्हतं, हवं तेव्हा उठून जाता येई. मात्र दुपारनंतर आलं तर काम मिळत नसे, सलग आठ दिवस आलं नाही तर नाव कमी करण्याचा मालकाला अधिकार होता आणि दर्जा नसलेल्या विड्या नाकारल्या जात. न्यायालय म्हणालं, हे कामगार आहेत आणि कारखाना कायद्याखालची पगारी रजा त्यांना मिळाली पाहिजे. देखरेख किती हवी हे कामाच्या स्वरूपावर ठरतं. विडी वळणाऱ्याच्या डोक्यावर दिवसभर उभं राहावं लागत नाही, संध्याकाळी विड्या तपासल्या की पुरतं.

दुसरा खटला सिन्नरचा, निकाल ऑक्टोबर 1961 चा. कारखाना विडीचाच, पैसे नगावरच, वेळेचं बंधन तसंच सैल. पानं घरी नेऊन कापून आणायची आणि संध्याकाळी विड्या तपासून घेतल्या जायच्या. इथे बहुमताने निकाल उलटा लागला. यायची सक्ती नाही, किती विड्या वळायच्या याची सक्ती नाही आणि प्रत्यक्ष देखरेखही नाही, म्हणून हा कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळा निकाल लिहून असहमती नोंदवली. म्हणजे वर्षभराच्या आत, एकाच राज्यात, एकाच धंद्यात, जवळजवळ एकाच पद्धतीने काम करणारा नागपूरचा माणूस कामगार ठरला आणि सिन्नरचा ठरला नाही.

या दोन निकालांतून मी हे घेतो की असा प्रश्न एकेका खटल्यावर सोडला तर तो सुटत नाही. प्रत्येक वेळी वकील कराराची कलमं मांडतात, कुठे एक अट सैल निघते आणि हजारो लोकांचं भवितव्य त्या अटीवर लटकतं. विडीच्या बाबतीत आपल्या देशाने ते तसं सोडलं नाही. 1966 मध्ये संसदेने विडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला आणि त्यात घरी माल नेऊन विड्या वळणाऱ्या माणसालाही सरळ शब्दांत ‘कर्मचारी’ म्हटलं. मध्ये सट्टेदार किंवा ठेकेदार असला तरी मूळ कारखानदाराची जबाबदारी सुटत नाही, हेही त्यात आलं. कारखानदार न्यायालयात गेले आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. पुढे 1985 मध्ये घरी विड्या वळणाऱ्या बायकांना भविष्यनिर्वाह निधीही लागू होतो, हे त्याच न्यायालयाने सांगितलं. सोलापूरच्या सासूबाईंची पेन्शन इथून आली. घरात बसून, स्वतःच्या वेळेने काम करणाऱ्या बाईला.

त्या कायद्याच्या नियमांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते, ती म्हणजे ‘छाट’. वळून आणलेल्या विड्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला काढायच्या आणि त्यांचे पैसे द्यायचे नाहीत, ही त्या धंद्यातली जुनी रीत. खराब कोणती हे ठरवणार कारखान्याचा माणूस, त्यामुळे छाट वाढवली की मजुरी आपोआप कमी होई. महाराष्ट्राच्या नियमांनी त्या छाटीला टक्केवारीची मर्यादा घातली. दर्जा तपासायचा अधिकार मालकाचा, पण त्या अधिकाराआडून मजुरी खायची नाही. आज हेच काम रेटिंग, दंड आणि कॅन्सल झालेली ऑर्डर करते. गिऱ्हाइकाने ‘जेवण थंड होतं’ म्हणून एक चांदणी दिली, तर ते सतरा मिनिटं हॉटेलात पडून होतं हे कुणी बघत नाही. इथे मर्यादा घालणारा नियम नाही.

कामागे पैसे म्हणजे कंत्राट, ही समजूतही चुकीची आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यातच नगावरच्या कामासाठी वेगळा किमान दर ठरवायची तरतूद होती. इतकंच नव्हे, नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने अमुक इतकी मजुरी पडलीच पाहिजे, असा हमीचा दर ठरवता येत असे. 2019 च्या वेतन संहितेतही नगावरच्या कामासाठी किमान वेतन आहे. म्हणजे एकवीस ऑर्डरींमागे बारा तासांत किमान किती पडलं पाहिजे, हा हिशेब करायची पद्धत कायद्याला ठाऊक आहे. फक्त ती लागू व्हायला आधी माणूस कामगार असावा लागतो.

नेमकी तिथेच 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने वाट बदलली. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हे शब्द पहिल्यांदा केंद्रीय कायद्यात आणले, आणि त्याबद्दल अनेकांना आनंद झाला. पण व्याख्या वाचली की लक्षात येतं, गिग कामगार म्हणजे मालक-नोकर अशा पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करून कमावणारा. म्हणजे जो प्रश्न सोडवायचा होता त्याचं उत्तर व्याख्येतच गृहीत धरलं. नागपूर आणि सिन्नरच्या खटल्यांत निदान पुरावा बघून ठरवलं जायचं.

त्या बदल्यात काय मिळतं? अ‍ॅप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीला द्यायची, पण ती कामगारांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. भाच्याला महिन्याला वीस हजार मिळाले असं धरू. पेट्रोल त्यातूनच जातं, हे सोडून देऊ. त्याच्या वाटणीला निधीत जास्तीत जास्त एक हजार जमा होणार. तोच वीस हजारांवर नोकरीला असता, तर मालकाला पंधरा हजारांच्या मर्यादेवर बारा टक्के फंड, म्हणजे अठराशे, आणि कर्मचारी विम्याचे सव्वातीन टक्के, म्हणजे साडेसहाशे, असे अडीच हजारांच्या आसपास भरावे लागले असते. शिवाय फंडातले पैसे थेट त्याच्या नावावर असतात. कल्याण निधीतून काय मिळेल, हे सरकार ज्या योजना आखेल त्यावर अवलंबून. निधी नको असं मी म्हणत नाही. अपघातात पाय मोडलेल्या मुलाला त्यातून दवाखान्याचा खर्च मिळाला तर ते मोठंच काम होईल. पण किमान वेतन, कामावरून काढण्याआधी चौकशी आणि अपघाताची मालकावरची थेट जबाबदारी, या तीन गोष्टी कल्याणकारी योजनेत बसत नाहीत. त्या नात्यातूनच येतात.

यावर एक खरी अडचण सांगितली जाते. ही मुलं एका अ‍ॅपवर राहत नाहीत. दुपारी जेवण, संध्याकाळी किराणा, रात्री आणखी तिसरं, आणि कित्येकदा दोन अ‍ॅप एकाच वेळी सुरू. मग मालक कोण? थांबलेल्या वेळेचे पैसे कुणी द्यायचे? रजा कुणाच्या खात्यात? ही अडचण बनावट नाही, आणि नोकरीचा नेहमीचा साचा या कामावर जसाच्या तसा बसवता येत नाही, हे मला मान्य आहे.

पण महाराष्ट्राने ही गाठ एकदा सोडवली आहे. बाजारातला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्याची गाडी भरतो, पैसे पोत्यामागे घेतो. त्यालाही कुणी नोकर म्हणायला तयार नव्हतं, कारण तो कुणा एकाचा नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्यातली कामगाराची व्याख्या मी प्रत्येक वेळी वाचतो तेव्हा थबकतो. मालकाने किंवा ठेकेदाराने नोकरीवर ठेवलेला नसला, तरी त्यांच्या परवानगीने किंवा त्यांच्याशी झालेल्या कराराने जो काम करतो, तोही कामगार. म्हणजे ‘आमचा हा नोकर नाही, आमचा त्याच्याशी फक्त करार आहे’ हे वाक्य मालकाच्या तोंडातून निघायच्या आधीच कायद्याने निकामी करून ठेवलं.

आणि मग मंडळ. हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळात. ज्याच्याकडे जेवढं काम झालं त्याने तेवढी मजुरी आणि तिच्यावर ठरलेली टक्केवारी, म्हणजे लेव्ही, मंडळात भरायची. मंडळ हमालाला मजुरी देतं आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, बोनस, दवाखाना बघतं. मालक दहा असले तरी खातं एकच. या मंडळांचे दोषही आपल्याला माहीत आहेत. नोंदणी चुकवणारे मालक आहेत, थकलेली लेव्ही आहे, आणि माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्यांनी या कायद्याची बदनामीही केली आहे. तरी रोख मोजून पोत्यांवर चालणाऱ्या धंद्यात, कागदी वह्यांच्या काळात जे करून दाखवलं, ते अ‍ॅपच्या धंद्यात तर कितीतरी सोपं आहे. प्रत्येक ऑर्डरची वेळ, अंतर, रक्कम आणि थांबलेली मिनिटं सर्व्हरवर आधीच लिहिलेली आहेत. तीन अ‍ॅपवरच्या वेळेची वाटणी करायला एक दिवसही लागू नये.

म्हणून माझी भूमिका अशी. अ‍ॅपवर कामागे पैसे घेणारा डिलिव्हरीवाला हा कामगार मानला जावा, आणि तो कंत्राटदार आहे असं ज्या कंपनीला म्हणायचं असेल तिने ते सिद्ध करावं. दर त्याने ठरवला होता, तो दुसऱ्याला पाठवू शकत होता, गिऱ्हाईक त्याचं होतं, हे दाखवावं. युरोपीय संघाने 2024 च्या निर्देशात सिद्ध करण्याचा भार असाच कंपनीकडे नेला आहे आणि सदस्य देशांना त्यासाठी डिसेंबर 2026 ची मुदत दिली आहे. लॉगिनची मोकळीक तशीच राहू द्यावी, कारण ती कामगार असण्याच्या आड येत नाही. अगरियांच्या आणि नागपूरच्या बाबतीत ती आली नव्हती. हक्क चालवायला माथाडीसारखं मंडळ असावं, म्हणजे चार तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला चार तासांचं मिळेल आणि बारा तासवाल्याला बारा तासांचं. यामुळे डिलिव्हरीचा दर वाढेल, हे मला दिसतं. वाढावा. बावधनपर्यंतचा परतीचा रस्ता आज फुकट धरला जातो, तो फुकट नाही.

सगळ्यात निकडीची गोष्ट मात्र नोंदीची आहे. नागपूरच्या कामगारांच्या मदतीला हजेरीचं रजिस्टर आलं. सासूबाईंच्या हातात स्वतःचं पुस्तक होतं, किती पान-तंबाखू नेलं आणि किती विड्या दिल्या याच्या नोंदी त्यात होत्या. भाच्याच्या कामाची सगळी नोंद कंपनीकडे आहे आणि त्याच्याकडे फक्त स्क्रीनशॉट. ऑगस्टमध्ये एका गिऱ्हाइकाने ऑर्डर मिळालीच नाही अशी तक्रार केली आणि त्याचा आयडी ब्लॉक झाला. गार्डच्या वहीत त्याची सही होती, लिफ्टजवळ कॅमेरा होता. त्याने अ‍ॅपवर तक्रार नोंदवली, उत्तरात तोच तो तयार मजकूर पाच वेळा आला. ब्लॉक झालेल्या आयडीतून जुन्या ऑर्डरीही उघडेनात, त्यामुळे मी त्याला अर्ज लिहून द्यायला बसलो तेव्हा किती महिने, किती तास काम केलं हे लिहिण्यासाठी आमच्याकडे बँकेत आठवड्याला जमा झालेल्या रकमांखेरीज काही नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी आयडी आपोआप सुरू झाला. चूक कुणाची ठरली, ठरली का, काही कळवलं नाही. भाच्याने सेल्फी काढली, बॅग पाठीला लावली आणि पावणेअकराला कर्वे रोडला गेला.